पाळीची तारीख, ईडीडी आणि आजचे आठवडे: गर्भारपणाचा हिशेब कसा मांडायचा

फाईलमध्ये दोन कागद असतात. एका कागदावर त्याच दिवसाचे २३ आठवडे २ दिवस लिहिलेले असतात, दुसऱ्यावर २२ आठवडे १ दिवस. घरचे म्हणतात, सहावा लागला. मोबाइलवरचं ॲप आणखी तिसराच आकडा दाखवतं. पहिल्यांदा गरोदर असलेली मुलगी हे सगळं समोर घेऊन बसते, आणि यातलं खरं कोणतं हे तिला कोणी नीट सांगत नाही. बहुतेक वेळा कोणाचीच बेरीज चुकलेली नसते. प्रत्येकाने मोजायला सुरुवात वेगवेगळ्या दिवसापासून केलेली असते, एवढंच. म्हणून आपण आधी सुरुवातीचा दिवस पक्का करू आणि मग एकच उदाहरण धरून शेवटपर्यंत जाऊ. हाताशी कागद-पेन आणि वर्षाचं कॅलेंडर ठेवा.

मोजणी कुठून सुरू होते

गर्भारपणाचे आठवडे गर्भ राहिल्याच्या दिवसापासून मोजत नाहीत. ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. याच तारखेला कागदावर एलएमपी म्हणतात. गर्भ नेमका कोणत्या दिवशी राहिला हे सहसा कोणालाच माहीत नसतं, पण पाळी कधी आली हे आठवतं, म्हणून ही पद्धत रुजली. तिचा परिणाम असा की अठ्ठावीस दिवसांची पाळी असेल, तर गर्भधारणा होते तेव्हाच हिशेबात दोन आठवडे जमा झालेले असतात. 'आठ आठवडे झाले' असं ऐकल्यावर पुष्कळ जोडपी तारखा जुळवत बसतात आणि गोंधळतात, त्याचं कारण हे दोन आठवडे. आठ आठवड्यांच्या गर्भारपणात गर्भाचं खरं वय साधारण सहा आठवडे असतं.

पहिला दिवस म्हणजे व्यवस्थित रक्तस्राव सुरू झाला तो दिवस. पाळी संपली तो दिवस नव्हे. ही चूक फार होते. 'शेवटची पाळी कधी?' या प्रश्नातला 'शेवटची' हा शब्द ऐकून पाळीचा शेवटचा दिवस सांगितला जातो, आणि हिशेब चार-पाच दिवसांनी मागे पडतो. विचारणाऱ्याने 'पाळी सुरू कधी झाली?' असंच विचारावं.

हा पहिला दिवस म्हणजे दिवस शून्य. दुसऱ्या दिवशी एक दिवस पूर्ण होतो, सात दिवसांनी एक आठवडा. मुलाचा वाढदिवस आपण असाच मोजतो: जन्मल्या दिवशी ते एक वर्षाचं नसतं. पहिल्या दिवसालाच 'एक' म्हटलं, की पुढचा प्रत्येक आकडा एकाने वाढतो.

पाळीच्या तारखेवरून ईडीडी

ईडीडी म्हणजे बाळंतपणाची अपेक्षित तारीख. ती दिवस शून्यापासून २८० दिवसांनी, म्हणजे बरोबर ४० आठवड्यांनी येते. आपल्या उदाहरणातल्या स्त्रीची पाळी १० मार्च २०२५ रोजी सुरू झाली. तो सोमवार होता. वार मुद्दाम सांगितला आहे, पुढे फार उपयोगी पडणार आहे.

तोंडी हिशेबासाठी एक जुना नियम आहे. तो हायडेलबर्गचे जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले (१७७८–१८५१) यांच्या नावाने ओळखला जातो: तारखेत सात दिवस मिळवा आणि नऊ महिने पुढे जा. १० मार्चमध्ये सात मिळवले की १७ मार्च, आणि नऊ महिने पुढे १७ डिसेंबर २०२५. आपल्याकडे बोलताना 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणतात. नेगेलेंचा नियम त्यापासून फार लांब नाही.

आता तेच दिवस एकेक करून मोजू. १० मार्चपासून १० डिसेंबरपर्यंत २७५ दिवस होतात, वरचे सात धरून २८२. म्हणजे या नियमाने आपण दोन दिवस पुढे गेलो. महिने कधी ३० चे, कधी ३१ चे आणि फेब्रुवारी २८ चा, त्यामुळे हा नियम कधी बरोबर २८० दिवस देतो, तर कधी २८३ पर्यंत जातो. नेमके २८० दिवस धरले, तर आपल्या उदाहरणात ईडीडी १५ डिसेंबर २०२५ येते. एका कागदावर १५ आणि दुसऱ्यावर १७ डिसेंबर दिसली, तर बहुधा एकाने दिवस मोजलेत आणि दुसऱ्याने महिने.

ताळा पाहायची सोपी युक्ती अशी: २८० ला सातने पूर्ण भाग जातो, म्हणून पाळीचा पहिला दिवस आणि ईडीडी एकाच वारी यायला हवेत. १० मार्च सोमवार, १५ डिसेंबरही सोमवार. १७ डिसेंबर बुधवार आहे. वार जुळला नाही, की समजायचं की कुठेतरी एक-दोन दिवस सरकले आहेत.

आज किती आठवडे झाले

समजा, आज २० ऑगस्ट २०२५ आहे. महिन्यामहिन्याने दिवस मांडा. सुरुवातीच्या महिन्यात तारखेनंतर उरलेले दिवस घ्या, मधले महिने पूर्ण घ्या आणि शेवटच्या महिन्यात आजची तारीख घ्या.

मार्चचे उरलेले २१, एप्रिलचे ३०, मेचे ३१, जूनचे ३०, जुलैचे ३१ आणि ऑगस्टचे २०. बेरीज १६३. सातने भागलं की २३ आठवडे आणि वर २ दिवस. कागदावर हे २३+२ असं लिहितात. इथे अधिक चिन्हाच्या डावीकडे पूर्ण आठवडे असतात आणि उजवीकडे वरचे दिवस, जे शून्य ते सहा एवढेच असू शकतात. २३.२ असं लिहू नका. वाचणाऱ्याला तो दशांश वाटतो, आणि २३.५ म्हणजे साडेतेवीस आठवडे की २३ आठवडे ५ दिवस, हे कोणालाच कळत नाही.

वाराची युक्ती इथेही चालते. हिच्या हिशेबात दर सोमवारी नवा आठवडा पूर्ण होतो. २० ऑगस्टला बुधवार आहे, सोमवारनंतर दोन दिवस, म्हणून वरचे दिवस दोनच असायला हवेत. भागाकाराची बाकी वेगळी आली असती, तर बेरीज पुन्हा करावी लागली असती.

ईडीडीवरून उलटं मोजणं

पाळीची तारीख समोर नसेल आणि फक्त ईडीडी माहीत असेल, तर उरलेले दिवस मोजा आणि २८० मधून वजा करा. १५ डिसेंबर धरून पाहू. ऑगस्टचे उरलेले ११, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ३१, नोव्हेंबरचे ३० आणि डिसेंबरचे १५, एकूण ११७. २८० वजा ११७ म्हणजे १६३, म्हणजे पुन्हा २३+२.

उत्तर तेच आलं, तर मग दोन पद्धती कशाला, असं वाटेल. पण ही दुसरी पद्धतच रोजच्या वापराची आहे, कारण ईडीडी एकदा बदलली की पाळीची तारीख हिशेबातून बाद होते. तसं कधी होतं ते आता पाहू. हा भाग सावकाश वाचा, सुरुवातीचा दोन कागदांचा घोळ इथेच सुटतो.

सोनोग्राफी तारीख बदलते तेव्हा

२८० दिवसांच्या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: पाळी अठ्ठावीस दिवसांनी येते आणि बीज चौदाव्या दिवसाच्या सुमारास सुटतं. आपल्या उदाहरणातल्या स्त्रीची पाळी छत्तीस दिवसांची आहे. पाळीच्या चक्राचा दुसरा भाग, म्हणजे बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ, साधारण दोन आठवड्यांचाच राहतो. लांबतो तो सहसा पहिला भाग. म्हणजे हिचं बीज बाविसाव्या दिवसाच्या आसपास सुटलं असणार, आठ दिवस उशिरा. बाळ आठ दिवसांनी लहान आहे, पण पाळीच्या तारखेला ते ठाऊक नाही.

सोनोग्राफीत ते दिसतं. तिची पहिली सोनोग्राफी २ जून २०२५ ला झाली. पाळीवरून त्या दिवशी ८४ दिवस होतात, म्हणजे १२+०. गर्भाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी, जिला रिपोर्टमध्ये सीआरएल म्हणतात, ती ४० मिलिमीटरच्या आसपास भरली. त्यावरून वय आलं १०+६, म्हणजे ७६ दिवस. फरक आठ दिवसांचा.

एवढ्या फरकाला तारीख बदलायची का, हे गर्भारपण किती पुढे गेलं आहे त्यावर ठरतं. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेची, एकॉगची, मर्यादा अशी आहे: पाळीवरून ८+६ पर्यंत असाल आणि फरक पाच दिवसांपेक्षा जास्त असेल, तर सोनोग्राफीची तारीख धरा. ९+० ते १५+६ मध्ये फरक सात दिवसांपेक्षा जास्त हवा. पुढे ही सूट वाढत जाते आणि २८ आठवड्यांनंतर एकवीस दिवसांवर पोहोचते. काही देशांत एवढं मोजत बसत नाहीत, पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीचीच तारीख सरसकट धरतात. तुमच्या डॉक्टरांची पद्धत कोणती, ते विचारून घ्या.

आपल्या उदाहरणात १२+० ला फरक आठ दिवसांचा आहे, सातपेक्षा जास्त. म्हणून तारीख बदलते. नवी ईडीडी अशी काढायची: २८० वजा ७६ म्हणजे २०४ दिवस उरले. २ जूनच्या पुढे २०४ दिवस मोजले की २३ डिसेंबर २०२५ येते. जुन्या १५ डिसेंबरच्या बरोबर आठ दिवस पुढे, तेव्हा ताळा जमला. आता हिचा आठवडा मंगळवारी पूर्ण होईल.

२० ऑगस्टचा हिशेब नव्या तारखेवरून पुन्हा करू. ऑगस्टचे ११, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ३१, नोव्हेंबरचे ३० आणि डिसेंबरचे २३, एकूण १२५. २८० वजा १२५ म्हणजे १५५, म्हणजे २२+१. सुरुवातीच्या दोन कागदांवर २३+२ आणि २२+१ का होतं, ते आता लक्षात आलं असेल. एकावर पाळीचा हिशेब होता, दुसऱ्यावर सुधारलेला. खरा धरायचा तो दुसरा.

पुढच्या सोनोग्राफीला तारीख हलवू नका

ईडीडी एकदा पहिल्या तिमाहीत ठरली की ती तशीच राहते. इथे होणारी चूक मला सगळ्यांत जास्त खटकते, कारण तिच्यात दुखणं झाकलं जाऊ शकतं.

आपल्या उदाहरणातल्या स्त्रीची २९ ऑक्टोबरला पुन्हा सोनोग्राफी झाली. ठरलेल्या ईडीडीला ५५ दिवस उरले होते, म्हणजे २८० वजा ५५ बरोबर २२५ दिवस, ३२+१. रिपोर्टवर मात्र सरासरी वय ३०+५ छापून आलं आणि खाली ईडीडी २ जानेवारी २०२६. घरी लगेच बोलणं सुरू झालं: तारीख दहा दिवस पुढे गेली.

तारीख पुढे गेलेली नाही. मशीनने डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीचं हाड मोजलं आणि 'एवढं बाळ साधारण ३०+५ ला असतं' एवढंच सांगितलं. खाली छापलेली तारीख मशीनने त्याच मापांवरून आपोआप काढलेली असते. पहिल्या तीन महिन्यांत सगळे गर्भ जवळपास एकाच मापाचे असतात, म्हणून लांबीवरून वय सांगता येतं. शेवटच्या तीन महिन्यांत बाळं लहान-मोठी असतात, जशी माणसं असतात. तेव्हाचं माप वय सांगत नाही, वाढ सांगते.

आता समजा, कोणी फाईलवर २ जानेवारी ही नवी ईडीडी लिहून टाकली. मग हे बाळ कागदावर ३०+५ चं ठरतं आणि त्याचं माप अगदी योग्य दिसतं. ते खरोखर हळू वाढत असेल, तर कोणाच्या लक्षातच येणार नाही. ईडीडी २३ डिसेंबरच ठेवली, तर डॉक्टरांना दिसतं की ३२+१ ला माप दहा दिवस मागे आहे. मग ते पोटाचा घेर, पाणी, रक्तप्रवाह बघतील आणि गरज वाटली तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजायला सांगतील. माप मागे असणं म्हणजे काही बिघडलंच असं नाही, लहान चणीच्या आईवडिलांचं बाळही लहान असू शकतं. पण ते ठरवायला तारीख जागेवर राहायला हवी.

म्हणून कोणताही उशिराचा रिपोर्ट हातात आला, की आधी ठरलेल्या ईडीडीवरून त्या दिवसाचे आठवडे स्वतः काढा आणि रिपोर्टच्या कोपऱ्यात लिहा. मग छापलेल्या आकड्याशी तुलना करा आणि फरक डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या तारखा काढणं

ईडीडीवरून पुढचे टप्पे काढणं सोपं आहे: हवा तो आठवडा ४० मधून वजा करा आणि तेवढे आठवडे मागे या. ३७ आठवडे कधी पूर्ण होतील? तीन आठवडे मागे, २ डिसेंबर. त्याआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं धरतात. साखरेची तपासणी साधारण २४ ते २८ आठवड्यांत करतात. हिचे २४ आठवडे २ सप्टेंबरला भरतात आणि २८ आठवडे ३० सप्टेंबरला. सगळ्या तारखा मंगळवारच्या आल्या, म्हणजे हिशेब बरोबर आहे.

सरलेले आठवडे आणि लागलेला महिना

मराठीत आपण 'सहावा लागला' म्हणतो, म्हणजे पाच सरले. डॉक्टर मात्र सरलेले आठवडे सांगतात. २२+१ म्हणजे बावीस सरले, तेविसावा लागला. काही ॲप 'तेविसावा आठवडा' असं दाखवतात. ते चूक नाही, पण ते ऐकून फोनवर 'तेवीस आठवडे झाले' असं सांगितलं, तर आठवड्याचा फरक पडतो. सांगताना नेहमी 'बावीस आठवडे, एक दिवस पूर्ण' असं सांगा.

महिन्यांत सांगायचं असेल तर आठवड्यांना चारने भागू नका. तसं केलं तर ४० आठवड्यांचे दहा महिने होतात. फेब्रुवारी सोडला तर कोणताच महिना अठ्ठावीस दिवसांचा नसतो. त्याऐवजी ईडीडीतून २८० दिवस मागे जाऊन आलेली तारीख धरा. हिच्यासाठी ती १८ मार्च आहे. म्हणून १८ ऑगस्टला पाच महिने सरले आणि २० ऑगस्टला सहावा लागलेला आहे. घरचे बरोबर होते.

तक्त्यात सूत्र

संगणकावर किंवा मोबाइलवर तक्ता करायचा असेल, तर A2 मध्ये ठरलेली ईडीडी आणि B2 मध्ये तपासणीची तारीख भरा. पहिलं सूत्र पूर्ण आठवडे देतं, दुसरं वरचे दिवस.

```
=INT((280-(A2-B2))/7)
=MOD(280-(A2-B2),7)
```

आपल्या उदाहरणातल्या तारखा घातल्यावर २२ आणि १ आले पाहिजेत. उत्तर भलतंच आलं, तर बहुधा तक्त्याने महिना आणि दिवस उलटे वाचले आहेत: १० मार्चला तो ३ ऑक्टोबर समजतो. उत्तराऐवजी तारीख दिसली, तर त्या रकान्याचं स्वरूप बदलून साधा आकडा करा. आठवडे काढायची पुठ्ठ्याची फिरती चकती वापरत असाल, तर तिच्यावर एक-दोन दिवसांचा फरक पडू शकतो हे लक्षात ठेवा. नोंदवहीत लिहायचा आकडा बेरजेचा असावा.

पाळीची तारीख भरवशाची नसेल तर

काही वेळा पाळीवर विसंबताच येत नाही. गर्भ राहिल्यावर सुरुवातीला थोडं रक्त जातं, ते पाळी समजून तीच तारीख सांगितली जाते. मग हिशेब तीन-चार आठवड्यांनी कमी येतो आणि सोनोग्राफीत बाळ अनपेक्षित मोठं दिसतं. ती 'पाळी' नेहमीपेक्षा कमी दिवसांची आणि हलकी होती का, हे विचारलं की पुष्कळदा उलगडा होतो. गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच बंद केल्या असतील, तर त्यानंतर बीज कधी सुटलं याचा भरवसा नसतो. बाळ अंगावर पीत असताना पाळी परत येण्याआधीच दिवस गेले, तर पाळीची तारीखच नसते. या सगळ्यांत अंदाजाने तारीख भरू नका. 'तारीख नक्की नाही' असं स्पष्ट लिहा आणि पहिल्या तिमाहीतच सोनोग्राफी करून घ्या, कारण जितका उशीर, तितकं मोजमाप सैल.

टेस्ट ट्यूब पद्धतीत मात्र पाळी पाहायचीच नसते. पाच दिवसांचा गर्भ गर्भाशयात सोडला असेल, तर सोडल्याच्या तारखेत २६१ दिवस मिळवले की ईडीडी येते. तीन दिवसांचा असेल तर २६३. ही तारीख सोनोग्राफीनेही बदलत नाहीत, कारण गर्भाचं वय इथे दिवसापर्यंत नेमकं माहीत असतं.

फाईलच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी एकाखाली एक लिहून ठेवा: पाळीचा पहिला दिवस, ठरलेली ईडीडी आणि ती कशावरून ठरली. आपल्या उदाहरणातल्या स्त्रीच्या पानावर असं असेल: पाळी १० मार्च २०२५, ईडीडी २३ डिसेंबर २०२५, २ जूनच्या सोनोग्राफीवरून, त्या दिवशी १०+६. मध्यरात्री वेगळ्या दवाखान्यात जावं लागलं, तरी तिथल्या डॉक्टरांना आठवडे काढायला ही एक ओळ पुरते.